वकीलच्या खांद्यावरचे केस

पोळ्याची कविता दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. आमच्या शाळेत आम्ही चार शिक्षक. त्यात मी एकटी मराठीची, म्हणजे स्वागतगीत माझं, निरोपाचं भाषण माझं आणि बैलांचे आभारही माझेच. हितेंद्र सर मुख्याध्यापक. ते नुसतं म्हणतात, "दिपमाला मॅडम, यंदा जरा भारदस्त होऊ द्या." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

तर भारदस्त लिहिली. 'हे वृषभराजा, कृषीवलाच्या सख्या' अशी सुरुवात. पुढे मोट ओढणं, खळ्यात फिरणं, पहाटेची भूपाळी, सगळं ठासून भरलं. सरांनी वाचली आणि मान डोलावली. शिंदखेड्याहून पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर शोभेल म्हणाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तालमीला सातवीची मुलं घेतली. पहिलं कडवं झालं आणि भूषणने हात वर केला.

"बाई, मोट म्हणजे काय?"

मी सांगितलं. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायचं चामड्याचं साधन. मुलं माझ्याकडे बघत राहिली. ह्यांच्या विहिरींवर जन्मापासून मोटर. खळ्यात बैल फिरताना कुणी पाहिलेले नाहीत, मळणीला यंत्र येतं. आणि सारिका तर तोंडच उघडेना.

सारिका म्हणजे वर्गातला सगळ्यात खणखणीत आवाज. वनाभाऊंची मुलगी. शेवटचं कडवं मी तिच्यासाठीच ठेवलं होतं, 'यंदाही राबलास आमच्यापायी' असं सुरू होणारं. ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली.

"काय गं, घसा बसला का?"

"नही बाई. पण मी हाई म्हनाव नही."

"का?"

"आम्हना वकीलनी यंदा काहीच कयं नही. बठ्ठं साल खुट्याले उभा शे. मंग 'यंदाही राबलास' कसं म्हनू? खोटं व्हई ना!"

पोरं हसली. मला राग आला. दहा मिनिटांत चहाची सुट्टी आणि ही मला सत्याचे धडे देतेय. "कवितेत चालतं गं थोडं," असं म्हणून गेले, आणि म्हणता म्हणताच लाज वाटली, कारण गेल्या आठवड्यात ह्याच वर्गाला मी खोटं बोलू नये हा पाठ शिकवला होता. बरं, वकील हा तिचा बैल. वासरू असताना कुणी काही सांगितलं की मान हलवून वाद घालायचा, म्हणून वकील. हे नाव गावात सगळ्यांना ठाऊक. पण तो रिकामा का उभा आहे, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मीच जरा उशिरा जागी झाले.

वनाभाऊ आणि नवलभाऊ सख्खे भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांचं बिनसलं, आणि गेला हंगाम संपल्यावर ते वेगळे झाले. जमीन वाटली, घर वाटलं, भांडी वाटली. बैलजोडीवर घोडं अडलं. पंचांनी सांगितलं, जोडी एकाने घ्या, दुसऱ्याने गाडी आणि सगळी अवजारं घ्या. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी एकेक बैल घेतला. वकील वनाभाऊंकडे, बादल नवलभाऊंकडे. जू नवलभाऊंनी नेलं, तण काढायचं कोळपं वनाभाऊंनी. म्हणजे एकाकडे बैल आणि कोळपं, पण जू नाही. दुसऱ्याकडे बैल आणि जू, पण कोळपं नाही. अशी वाटणी माणसंच करू जाणोत.

एका बैलाने शेती होत नाही. ज्यांच्याकडे एकेकच बैल असतो, ते दोन घरं सावड करतात. तुझा बैल, माझा बैल, आज तुझं शेत, उद्या माझं. वनाभाऊंनी गावातल्या तोतारामशी तशी सावड करून पाहिली. पण तोतारामचा बैलही डावीकडचा निघाला. जोडीतला बैल एकदा ज्या बाजूला शिकतो, त्याच बाजूला तो सरळ चालतो. वकील जन्माचा डावा. त्याला उजवीकडे जुंपलं तर तो सरी सोडून बांधाकडे जाई, तोतारामचा बैल दुसरीकडे. दोन तासांत दोन ओळी कपाशी तुडवली गेली आणि सावड मोडली. बादल उजवा. पण बादलचं नाव वनाभाऊंच्या घरात काढायची सोय नव्हती.

पेरणीला दोघांनीही भाड्याचा ट्रॅक्टर आणला. पेरणीचं ठीक आहे. पण कपाशी वर आली की तिच्या ओळीओळीतून कोळपणी करायला ट्रॅक्टर घालता येत नाही, उभं पीक मोडतं. तिथे बैलच लागतात. दोघांच्या कपाशीत तण माजलं होतं. येताजाता मला बांधावरून दिसायचं.

"आणि बाई," सुट्टीत सारिका हळूच म्हणाली, "पोळा झाया का बाबा वकीलले बाजारमा लई जातीन. पोळापर्यंत घरना, मंग इकना."

बैल विकायचं ठरलं होतं, तरी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मी समजूत घातली असती. तिला फक्त खोटं म्हणायचं नव्हतं. मला माझ्या भारदस्त कवितेचा एकदम कंटाळा आला.

ती कविता मी बाजूला ठेवली. मुलांना सांगितलं, उद्या येताना प्रत्येकाने एक गोष्ट आणायची. आपल्या घराच्या बैलाने खरंच काय केलं ते. पुस्तकातलं नको, ऐकलेलं नको, पाहिलेलं पाहिजे. आणि सारिका, तुझ्या वकीलचं मागच्या वर्षांचं चालेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसती झुंबड. मयुरी म्हणाली, पुलावर पाणी होतं तेव्हा आईला दवाखान्यात बैलगाडीनेच नेलं, मोटारसायकल जात नव्हती. पुना म्हणाला, गाडी चिखलात रुतली तर बैलाने पुढचे गुडघे टेकले आणि गाडी वर काढली. भूषण, म्हणजे नवलभाऊंचा मुलगा, सगळ्यात शेवटी उठला. मग म्हणाला, "बाई, कोळपताना बैलना तोंडले मुसकं बांधतस. चारीमेर कपाशी हिरवीगार. त्याले भूक लागस, पन खाता येस नही. तरी चालस." तोंडाला दोरीची जाळी आणि चारीकडे हिरवा चारा. ह्या गोष्टीकडे मी आजवर कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्याच्यातूनच नवी कविता झाली. रचनेचा विचार मात्र माझा होता, तेवढं श्रेय मी घेणारच. जोडी आहे तर कविताही जोडीने म्हणायची. मुलांच्या दोन रांगा, डावी आणि उजवी. डावीने ओळ सुरू करायची, उजवीने पुरी करायची. कुणा एकाला अख्खं कडवं म्हणताच येऊ नये.

तोंडाला मुसकं बांधलं आम्ही,
— चोहीकडे हिरवं रान;
भूक गिळून तू तास धरलास,
— वर ना केलीस मान.

चिखलात रुतली गाडी जेव्हा,
— गुडघे तू टेकलेस;
आमचं ओझं तुझ्या जिवावर
— वर काढून नेलेस.

डाव्या रांगेच्या टोकाला सारिका, उजव्या टोकाला भूषण. हे मी मुद्दाम केलं की आवाज बघून केलं, ते मला विचारू नका. चुलत भावंडं एका वर्गात बसून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. घरून ताकीद होती. कवितेला ताकीद नव्हती.

तालीम काही सोपी गेली नाही. सारिका घाई करायची. तिची ओळ संपायच्या आत ती पुढच्या ओळीकडे धावायची आणि भूषणचं अर्धं कडवं लोंबकळत राहायचं. मी पट्टी आपटून ताल धरला. पायाने ताल धरायला लावला, डावा पाय, उजवा पाय. तरी ही पुढेच. तिसऱ्या दिवशी भूषणच वैतागला. "वकील बी असाच व्हता," तो माझ्याकडे बघत बोलला, पण ऐकवत होता तिला. "पुढे पळे. मंग जू तिरपं व्हये. बादल त्याले वढीसन धरे."

"बादल हळू चाले म्हनीसन वकीलले वढनं पडे," सारिकाने छताकडे बघून उत्तर दिलं.

ते भांडण झालं आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोघांचा ताल जमला. तिने ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला सुरुवात केली, त्याने जरा लवकर उचलायला. शेवटचं कडवं जुन्या कवितेतलंच ठेवलं होतं; त्याच्यापाशी मात्र ती रोज थांबायची.

यंदाही राबलास आमच्यापायी,
— यंदाही डोललं शेत;
आभार मानतो, पहिला घास
— हातानं तुला देत.

"हे तेवढं मी म्हनाव नही," ती रोज सांगे.

"मग तुझ्या वकीलला तू काय म्हणणार? तूच लिही."

"लिखसू," ती म्हणाली. पण पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत काही आणलं नाही. हितेंद्र सरांना घाम फुटला. "मॅडम, शेवटचं कडवं मयुरीला द्या. पाहुण्यांसमोर फजिती नको." मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे आता सरांनाही कळायला लागलंय.

त्या संध्याकाळी मी वनाभाऊंच्या घराकडे गेले. खांदमळणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जू वाहिलेल्या जागेला आराम म्हणून. सारिका वाटी धरून उभी आणि वनाभाऊ वकीलचा खांदा चोळत होते. चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

काम करणाऱ्या बैलाचा खांदा मी पाहिलाय. जिथे जू बसतं तिथले केस झडलेले असतात, कातडी जाड, टाचेसारखी. वकीलच्या खांद्यावर केस उगवले होते. मऊ, पांढरे, नवे. लोणी त्या केसांतच चिकटत होतं. वनाभाऊंनी पुन्हा हात फिरवला, मग बोटांचं लोणी वाटीच्या काठाला पुसलं.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ते बैलाच्या कानात म्हणाले. दरवर्षीचं वाक्य. मला पाहून म्हणाले, "या बाई. चहा लेतीस ना?"

मी चहा घेतला. बाजाराचं काही विचारलं नाही. माझ्या तोंडाला हे मोठं कष्टाचं काम होतं. सारिका मात्र चहा होईपर्यंत वकीलच्या खांद्यावरचे केस एका दिशेने नीट करत बसली होती.

पोळ्याची सकाळ. शाळेच्या मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण, माईक, पाहुण्यांसाठी खुर्च्या. बैल आले. धुतलेले, शिंगं रंगवलेली, त्यांवर बेगड, कपाळाला गोंड्यांची मठाटी, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली. सगळे जोडीने आले. दोघेच एकटे. मैदानाच्या ह्या टोकाला वनाभाऊ वकीलचा कासरा धरून, त्या टोकाला नवलभाऊ बादलचा. दोघांनीही झुली नव्या आणल्या होत्या. दोघांचाही रंग एकच, तांबडा. एकाच दुकानातून घेतल्या असणार, वेगवेगळ्या वेळी.

पाहुणे बोलले. नेहमीप्रमाणे लांब बोलले. मग मुलं दोन रांगांत उभी राहिली.

पहिलं कडवं सुरळीत गेलं. 'तोंडाला मुसकं' म्हणताना मागे बायका कुजबुजल्या, कुणीतरी 'खरं शे माय' म्हणालं. दुसऱ्या कडव्याला पुनाच्या वडिलांनी आपल्या बैलाच्या गुडघ्यावर थाप मारली. पायाचा ताल जमला होता, घुंगरं मध्येमध्ये वाजत होती. मग शेवटचं कडवं आलं. डाव्या रांगेतून सारिका एकटी एक पाऊल पुढे आली. 'यंदाही राबलास' म्हणायची वेळ. तिने श्वास घेतला.

"वकील, तुन्हा खांदावर केस उगनात…"

उजव्या रांगेला ह्या ओळीची जोड शिकवलेलीच नव्हती. हितेंद्र सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाकडे पाहिलं.

सारिका थांबली. तिने ओळीच्या शेवटी तेवढाच श्वास घेतला, जेवढा तालमीत शिकली होती. उजव्या रांगेची जागा तिने मोकळी सोडली. मग पुढची ओळ.

"तू उभा राहीसन थकना…"

पुन्हा तीच मोकळी जागा. माईकमधून नुसती घुंगरं ऐकू येत होती. वनाभाऊंची मान खाली गेली होती. दोनशे माणसं उभी, आणि एक मुलगी आपल्या बैलाला भर मैदानात सांगतेय की तू काम केलं नाहीस, यात तुझा दोष नाही. मला सरळ रडू आलं.

"तुन्हं जू कोठे शे, वकील?"

ह्या वेळी ती जागा मोकळी राहिली नाही. उजव्या टोकाकडून भूषण बोलला. तालात नव्हे, वृत्तात नव्हे, घाबरलेल्या आवाजात पण मोठ्याने.

"आम्हना घर शे. खुटीले टांगेल शे."

भूषणने आपल्या वडिलांकडे पाहिलं, आता घरी गेल्यावर काय होईल ह्या भीतीने. मग जे काय व्हायचं ते होवो म्हणून की काय, त्याने शेवटची ओळ त्याची त्यानेच पुरी केली. "उतारी देसू."

काढून देईन. एवढंच.

टाळ्या आधी कुणी वाजवल्या ठाऊक नाही. बहुतेक कमलबाईंनी, त्या आमच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकीण, त्यांना धीर नसतो. टाळ्यांनी बैल बिचकले. वकीलने मान हलवली, त्याच्या नावाला जागून, आणि वनाभाऊंच्या हातातला कासरा सुटला. खरं सांगायचं तर सुटला की सोडला, मला दिसलं नाही. वकील मैदान ओलांडून गेला. कुठेही न धावता, नेहमीच्या वाटेने जावं तसा. बादलच्या डाव्या अंगाला जाऊन, वळून, त्याच्यासारखं तोंड करून उभा राहिला. दोघांच्या मध्ये बरोबर एका जुवाएवढी जागा सोडून.

त्या जागेकडे सगळे बघत होते. नवलभाऊही.

वनाभाऊ कासरा घ्यायला चालत आले. आता दोघं भाऊ दोन बैलांच्या दोन बाजूंना. कुणी कुणाला मिठी मारली नाही. आमच्याकडे तसं नसतं. नवलभाऊंनी मधल्या जागेत येऊन वकीलच्या खांद्यावर हात ठेवला, केसांतून बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"खांदा कवळा व्हयना," ते बैलाशी बोलल्यासारखं म्हणाले. "एकदम जुंपा ते सोली निंघी."

"जुवाले चिंध्या बांधू," वनाभाऊ म्हणाले, तेही बैलाकडेच बघून. "पयले दिन दोन-चार वळीच."

"तुन्ही कपाशीमा तण जास्त शे."

"तुन्हीमा काय कमी शे?"

भांडण पेटतं की काय म्हणून मी पुढे झाले. पण तो तालमीतल्यासारखाच प्रकार होता. तोतारामने मागून ओरडून विचारलं, मग आजच का नाही घेत जू? त्यावर दोन्ही भाऊ एकदमच त्याच्यावर खेकसले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? डोकं फिरलंय का तुझं? दोन वर्षांत त्यांचं एकमत झालं ते ह्याच गोष्टीवर. हितेंद्र सरांनी घाईघाईने आभारप्रदर्शन उरकलं. पाहुण्यांना कविता फार आवडली; फक्त शेवटचं कडवं मुक्तछंदात का गेलं, एवढं त्यांनी विचारलं.

बैल बाजारात गेला नाही. 'बैल गेला अन् झोपा केला' व्हायची वेळ होती, ती थोडक्यात टळली. पोळ्यानंतर आधी वनाभाऊंच्या शेतात कोळपं लागलं. जुवाच्या दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. वकील पहिल्या ओळीला पुढे पळाला, जू तिरपं झालं, बादलने त्याला ओढून धरलं. दुसऱ्या ओळीला सरळ. शाळेतून परत जाताना मी बांधावर थांबून पाहत होते. दोघांच्या तोंडाला मुसकं, चारीकडे कपाशी. मुळासकट उपटलेलं तण मागे आडवं पडत होतं. एक भाऊ कोळप्यावर, दुसरा पुढे दगड बाजूला करत. बोलणं अजून बैलांच्या मार्फतच चाललं होतं. चालू दे.

दोन्ही शेतं झाली, तेव्हा सारिका शाळेत माझ्या टेबलापाशी आली. भूषण तिच्या मागे, उजव्या बाजूला.

"बाई, वकीलना खांदावरना केस झडी ऱ्हायनात," ती म्हणाली. इतक्या आनंदाने मी कुणाला केस झडल्याचं सांगताना ऐकलेलं नाही. "आते ती ओळ म्हनू का? खरी व्हई गई."

पोळा कधीच होऊन गेला होता. गणिताचा तास सुरू व्हायचा होता. मी म्हटलं, म्हण.

ती दाराशी उभी राहिली. तिथून रस्त्यापलीकडचं शेत दिसतं. तिने वर्गाकडे पाठ केली, तोंड शेताकडे.

"यंदाही राबलास आमच्यापायी," सारिका म्हणाली, आणि शेवटी श्वास घेतला.

"यंदाही डोललं शेत," भूषण म्हणाला.